डिसेंबरात संपणारं वर्ष

आमचा साहेब ग्रेम दर मे महिन्यात एकच पत्र काढायचा: तीस जूनला आर्थिक वर्ष संपतंय, उरलेला पैसा वापरा, एक जुलैपासून भाव वाढणार. भाव कधी वाढायचे नाहीत. आम्ही ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये प्रयोगशाळांच्या फ्रिजांवर बसणारे तापमानाचे अलार्म विकतो आणि ती थाप माझ्या सहीनं जायची.

एका वर्षी ती विद्यापीठातही गेली. तिथल्या खरेदीप्रमुख व्हर्ननचं एका ओळीचं उत्तर आलं: "लॉर्ना, आमचं वर्ष डिसेंबरात संपतं." त्यानंतर त्यानं माझा फोन उचलणंच बंद केलं. सतरा वर्षं या धंद्यात काढून मी एवढं तपासलं नव्हतं. स्वतःचीच चीड आली.

पुढच्या वर्षी ग्रेमनं सरळ सांगितलं, विद्यापीठाची ऑर्डर सप्टेंबरअखेर आली नाही तर तुझी जागा ठेवता येणार नाही. घराचे हप्ते माझ्या एकटीच्या पगारावर.

ऑगस्टमध्ये तिथले विभाग पुढच्या वर्षाच्या मागण्या भरतात. मी वित्तप्रमुख रोझलिंडची वेळ मागितली. व्हर्ननही येऊन बसला, हाताची घडी घालून. मी आधी कबूल केलं की मागचं पत्र खोटं होतं. मग अलार्मांच्या खर्चाचं अंदाजपत्रक पुढे सरकवलं. म्हटलं, घ्या आमच्याकडून किंवा दुसऱ्याकडून, पण दरवर्षीच्या देखभालीचा खर्च आत्ताच धरा. हा भाव पुढच्या मार्चपर्यंत कायम.

"देखभालीचं कुणी सांगतच नाही," रोझलिंड म्हणाली. "आम्हाला मार्चमध्ये कळतं, तेव्हा वर्षाचे पैसे वाटून झालेले असतात."

मग तिनं विचारलं, "तुम्हाला ऑर्डर कधी हवी आहे?"

सप्टेंबर अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"तुमचे पैसे जानेवारीत येतात," मी म्हटलं. "तेव्हाच द्या."

ग्रेमला सांगितलं तर तो भडकला. डोकं फिरलंय का तुझं, म्हणाला. सप्टेंबर संपला आणि त्यानं मला ख्रिसमसपर्यंतची नोटीस दिली. नोव्हेंबरात व्हर्ननचं पत्र आलं: रक्कम मंजूर, जानेवारीत तीन कोटेशनं मागवू. मी ते ग्रेमच्या टेबलावर ठेवलं.

"ही ऑर्डर नाही," तो म्हणाला.

"नाही. पण थापही नाही."

त्यानं ते दोनदा वाचलं आणि नोटीस फेब्रुवारीपर्यंत पुढे ढकलली.

जानेवारीत तीन कोटेशनं गेली. आमचं सगळ्यात स्वस्त नव्हतं. ऑर्डर आमची झाली. व्हर्ननचा फोन आला, स्वतःहून. बाकीच्या दोघांनी देखभाल धरलीच नव्हती, आणि आमचा आकडा ऑगस्टचाच होता, म्हणाला. फोन ठेवून मी रडले, खोटं कशाला बोलू.

मेमध्ये ग्रेम ग्राहकांची यादी घेऊन माझ्या टेबलाशी आला. मला वाटलं, आलं पुन्हा ते पत्र. तो खुर्ची ओढून बसला आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"यांचं वर्ष कधी संपतं गं?"