फळ्यावरचं नाव

वर्गणीचं पत्रक चौथ्यांदा लिहून मी वैतागलो होतो. तेरमधल्या आमच्या गणेश मंडळाचं जुनं पत्रक एका ओळीचं होतं: घरटी पाचशे एक, न देणाऱ्याचं नाव फळ्यावर. आता मी लिहिलं: वर्गणी ऐच्छिक, मंडपाला अठरा हजार, महाप्रसादाला बावीस, गेल्या सालचे तेवीसशे शिल्लक, प्रत्येकाला पावती, विसर्जनानंतर हिशोब देवळात लावू.

"लई झालं, छाप आता," अध्यक्ष इंद्रजित म्हणाला.

छापण्याआधी धुरपदाबाईंना वाचून दाखवलं. गेल्या साली त्यांचं नाव फळ्यावर होतं.

"समदं बराबर हाय," त्या म्हणाल्या. "पण माझं नाव कुणी पुसलं, ते न्हाय लिवलं."

कुणीच पुसलं नव्हतं. पावसानं गेलं होतं.

मी नवा कागद घेतला आणि पहिली ओळ माफीची लिहिली.