माझ्या झाकणावरचं नाव

मी डबा बोलतोय. जेवणाचा, तीन खणांचा, पितळेचा. गाव कुंभकोणम. आमच्या गावात पितळ ओतणारे, ठोकणारे, घासणारे हात पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत, त्यामुळे कुळाबद्दल मला कुणी विचारू नये. आतून कल्हई, बाहेरून झळाळी, डोक्यावर भक्कम कडी. माझं वजन थोडं जास्त आहे हे मी मान्य करतो. पण वजनदार माणसांना कुणी नावं ठेवत नाही, मग डब्यालाच का?

माझा जन्म लग्नासाठी झाला. आमच्याकडे मुलीच्या आहेरातल्या भांड्यांवर मुलीचंच नाव घालतात. भांड्याच्या दुकानातल्या माणसाने माझ्या झाकणावर छिन्नीने टिकटिक करत तमिळ अक्षरांत नाव कोरलं: वसंता. मला गुदगुल्या झाल्या. वसंता कुंभकोणमच्याच मेलकावेरी भागात व्यंकटरमणरावांच्या घरी सून म्हणून आली, तिच्यासोबत मीही आलो.

ही मराठी माणसं. यांचे पूर्वज भोसले राजांच्या काळात तंजावुराकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. महाराष्ट्रातून एकदा कुणी पाहुणे आले होते, ते यांची मराठी ऐकून गालातल्या गालात हसले. मला मात्र तीच गोड लागते.

व्यंकटरमणराव सरकारी कोषागारात कारकून होते. सरकारी पेन्शन जिथून वाटतात, ती कचेरी. रोज सकाळी वसंताबाई मला भरायच्या: खाली सांबार, मध्ये भात, वर दहीभात आणि लिंबाचं लोणचं. मी सायकलच्या हँडलला लटकून निघायचो. दुपारी कचेरीत माझी कडी वाजली की शेजारच्या टेबलावरचे गुरुमूर्ती झाकण वाचून ओरडायचे, "वसंता आली रे!" सगळे हसायचे. राव लाजून मला भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. सतरा वर्षं मी ती भिंत पाहिली. चुना बरा नव्हता.

पण कान उघडे होते. दर उन्हाळ्यात पेन्शनवाल्यांची हजेरी असायची. जिवंत असल्याचं दाखवायला म्हातारीकोतारी खिडकीपुढे रांग लावायची. गोमती अम्माळ नावाची एक विधवा यायची, रामेश्वरमची पिशवी खांद्याला. नवऱ्याच्या मागे तिला कुटुंबाचं पेन्शन मिळायचं. "मी अजून आहे, लिहा!" असं ठणकावून सांगून ती अंगठा उठवायची. राव तिला बसायला स्वतःची खुर्ची द्यायचे. घरी येऊन म्हणायचे, "वसंता, त्या म्हातारीची मान किती ताठ, पाहायला पाहिजे तू."

एक्याण्णव सालच्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी रावांचा आत्तेभाऊ विजयराघव आला. मद्रासमधली इंजिनिअरची नोकरी त्याने सोडली होती. मी धुऊन पालथा घातलेला होतो, तरी सगळं ऐकलं.

"अण्णा, मी दोन कंप्युटर घेतलों," तो म्हणाला. "भाताच्या गिरण्या, खासगी शाळा, सोसायट्या, अस्कट, सगळ्या जागी पगाराचा हिशेब अजून हातानं करतात. आपण कंप्युटरवर करून देऊं. मला यंत्र कळतं, पगार-भत्त्यांचं शास्त्र कळत नाहीं. ते तुमच्याकडं आहे. अर्धा हिस्सा तुमचा. विजयादशमीला आरंभ."

"चाललं नाहीं तर?"

"नाहीं चाललं तर दोघेही बुडूं," विजयराघव हसत म्हणाला. त्याच्या धिटाईला तोड नव्हती.

रावांच्या डोळ्यांत त्या दिवशी जी चमक आली, ती मी त्यांच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली. रोज तीच खिडकी, तेच शिक्के. माणूस आतून आंबला होता, आणि मला आंबलेलं लगेच कळतं.

अडचण पेन्शनची होती. दुसऱ्या दिवशी डबा खाताखाता गुरुमूर्तींनी ती उघडून मांडली. "राजीनामा दिलास की झालेली सगळी नोकरी पुसली जाते. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. वीस वर्षं भर आणि मग स्वेच्छानिवृत्ती घे. तीन महिन्यांची नोटीस दिलीस की पेन्शन तुझं. वर सरकार पाच वर्षं पदरची मोजतं. म्हणजे पंचवीस धरायची. पूर्ण पेन्शन तेहतीस वर्षांवर, पगाराच्या निम्मं. त्याचे तेहतिसातले पंचवीस भाग तुझे. वाईट आहे का?"

"वीस कधी होतात हे मला ठाऊक आहे," राव म्हणाले. "ब्याण्णवच्या जूनला व्हायची. पण आईच्या आजारात मी आठ महिने बिनपगारी होतो."

ते आठ महिने मला आठवतात. तेव्हा मी फळीवर धूळ खात होतो. कचेरीतले म्हणाले होते, स्वतःच्या आजाराचं सर्टिफिकेट आण, म्हणजे ती रजा पेन्शनला धरतील, डॉक्टर देतात. राव म्हणाले, "आजारी आई आहे, मी नाही." सर्टिफिकेटाशिवायची बिनपगारी रजा पेन्शनच्या हिशेबात येत नाही. त्या खरेपणापायी वीस वर्षं आठ महिने पुढे गेली, त्र्याण्णवच्या फेब्रुवारीवर. विजयादशमी तर ऑक्टोबरात!

विजयराघव थांबायला तयार नव्हता. कंप्युटरांसाठी काढलेल्या कर्जावरचं व्याज थांबत नाही, हे त्याचंही खरं. राव संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन काम करू शकले असते, पण सरकारी नोकराला धंदा करायला मनाई. आणि ज्याने आईच्या रजेसाठी खोटा कागद आणला नाही, तो चोरून धंदा काय करणार!

नवरात्र आलं. सरस्वतीपूजेच्या दिवशी आमच्याकडे ज्याचं जे हत्यार असेल ते देवापुढे मांडतात. गंध-कुंकू लावतात. त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही, लिहायचं-वाचायचं नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला पुन्हा पूजा करून मग उचलायचं. रावांनी आपलं पेन ठेवलं आणि त्याखाली एक कागद ठेवला. राजीनामा! लिहून, सही करून तयार. सुट्टी संपली की कचेरीत द्यायचा.

वसंताबाईंनी कागद पाहिला. आत गेल्या आणि मला घेऊन आल्या. माझ्या झाकणाला गंध लावलं आणि मला पेनाशेजारी ठेवलं.

"डबा कशाला?" रावांनी विचारलं.

"माझं हत्यार हेच कीं. तुमची नोकरी तुम्ही एकटेच केलां काय? सतरा वर्षं मी हा भरलें. सोडायचं तुम्ही एकटेच ठरवलां."

राव खाली बसले. लिहिता येत नव्हतं, वाचता येत नव्हतं, कचेरी बंद. बोलण्याखेरीज करायला काही उरलं नव्हतं, आणि त्या घरात इतकं बोलणं कधी झालं नव्हतं.

"मला तिथं गुदमरतं, वसंता."

"मला कळत नाहीं काय? पण गोमती अम्माळची ताठ मान तुम्हीच मला सांगितलां. उद्यां तुम्हाला कांहीं झालं तर मी कुठल्या खिडकीवर उभी राहूं? भ्यालें मी. खरंच सांगतें, भ्यालें."

मग बाई हळूच म्हणाल्या, "विजयराघवाला काय पाहिजे? तुम्ही पाहिजेत, कीं हिशेब जाणणारं माणूस पाहिजे?"

"म्हणजे?"

"मी गणितात बी.एस्सी. झालें. ओसरीवर मुलींना जमाखर्च शिकवतें. पगाराचे नियम पुस्तकांत छापलेत, दुकानांत मिळतात. वाचीन. तुम्हाला धंदा मना. मला कोण मना केलं?"

रावांमधला कारकून जागा झाला. "बायकोनं धंदा केला तर सरकारला कळवायचं, इतकंच. बाकी हरकत नाहीं."

"मग कळवा."

"विजयराघव ऐकेल?"

"त्याला मी सांगतें. मन्नीच्या, वहिनीच्या हातचं जेवून मोठा झाला तो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा झाली. रावांनी देवापुढचा कागद उचलला. गंधाचा डाग पडला होता. कारकून कागद वाया घालवत नाही. त्यांनी तो उलटला आणि कोऱ्या बाजूवर नव्या पत्राचा मसुदा लिहिला: माझी पत्नी वसंता आजपासून भागीदारीत व्यवसाय सुरू करत आहे, कृपया नोंद घ्यावी. त्यांचं अक्षर इतकं सुंदर कधी आलं नव्हतं.

भांड्यांच्या बाजारात वरच्या मजल्यावर एक खोली, तिथे ते दोन कंप्युटर. पहिल्या दिवशी मला रावांनी भरलं. त्यांनी दहीभात खाली ठेवला आणि सांबार वर. मी जिन्यावर गळत गेलो. बाईंनी पदराने मला पुसलं आणि दुपारी सगळं चाटूनपुसून खाल्लं. तक्रार एका शब्दाने नाही.

धंदा काही पहिल्या दिवशी धावला नाही. सुंदरपेरुमाळ कोयिल गावच्या एका भातगिरणीचं काम आधी मिळालं. ऐन पगाराच्या आदल्या दिवशी वीज गेली ती आलीच नाही, तेव्हा बाईंनी मजुरांचा सगळा पगार हातानेच काढून दिला. गिरणीवाला म्हणाला, "यंत्र राहू द्या, या बाई आम्हाला द्या." पुढच्या वर्षी एक वेळ अशी आली की विजयराघव कंप्युटर विकायला निघाला. तेव्हा घर रावांच्या पगारावर चाललं आणि बाईंनी आपला हिस्सा सहा महिने घेतलाच नाही. कंप्युटर राहिले. हळूहळू शाळा आल्या, सोसायट्या आल्या.

आणि राव? ते खिडकीवर बसून राहिले, पण आता तिथे गुदमरणं नव्हतं. सुटकेची तारीख ठरलेल्या माणसाला भिंतीसुद्धा बऱ्या वाटतात. त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत वीस वर्षं भरली. त्यांनी नोटीस दिली आणि मे सरता सरता पेन्शनीत निघाले. दुसऱ्या दिवशी ते भांडीबाजाराचा जिना चढून आले तेव्हा बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काम पाहिजे? अर्ज आणलां काय?" विजयराघव हसून हसून लाल झाला. रावांनी खरंच अर्ज आणला होता!

त्याला आता पाच वर्षं झाली. माझी कडी सैल झाली आहे, एका बाजूला पोचा आहे. पण अजून रोज भरला जातो, आणि सांबार खालीच असतं; राव शिकले. फक्त एक विनवणी आहे. स्टीलचे हलके डबे घरात आले आहेत, येऊ देत, पण मला काचेच्या कपाटात शोभेला ठेवू नका. कल्हई करा आणि भात भरा.

कालच राव पेन्शनच्या हजेरीला त्याच कचेरीत गेले होते. आता रांगेत तेही असतात. परत येताना बाईंकडे जायचं होतं, म्हणून मी हातात होतो. खिडकीवरच्या नव्या कारकुनाने माझ्या झाकणावरचं नाव वाचलं.

"वसंता? भांडीबाजारातल्या त्या हिशेबवाल्या? तुम्ही त्यांचे कोण?"

पूर्वी मला भिंतीकडे वळवणाऱ्या त्या माणसाने मला उचलून खिडकीच्या कठड्यावर ठेवलं, नाव साऱ्या रांगेला दिसेल असं.

"मी तिचा नवरा," राव म्हणाले. "मी अजून आहे, लिहा."