सात नंबरचा आवाज

परीक्षेच्या आदल्या दिवशी आकाशचा फोन आला तेव्हा मी हॉस्टेलच्या गच्चीवर फेऱ्या मारत पाठांतर करत होते. निळी बाळं एकीकडे, गुलाबी बाळं दुसरीकडे. बूट, अंडं, बर्फाचा माणूस. हृदयाच्या जन्मजात दोषांचे एक्स-रे आम्ही असे चित्रांनी लक्षात ठेवतो. लहान मुलांच्या हृदयावर एवढी विचित्र चित्रं कुणी काढली असतील तर त्याला माझा दंडवत.

"योगे, केस फुटली," आकाश म्हणाला. "सात नंबर बेड. छेद. खालच्या दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्याला भोक. डाव्या बाजूला खाली, ठोक्यांच्या मधे लांबलचक आवाज, एक्स-रेत मोठं हृदय, भरलेली फुफ्फुसं. डोळे मिटून सांग आणि पास हो."

आकाश माझ्याच बॅचचा. तो हिवाळ्यात पास झाला आणि इंटर्न म्हणून वॉर्डात मिरवायला लागला. मी बालरोगात गचकले. सगळे विषय सुटले आणि हाच एक घशात अडकला. माझे वडील, त्रिंबक आबा, लासूर स्टेशनच्या बाजूला मेंढरं राखतात आणि बाजारात भेटेल त्याला सांगतात, "आमची डॉक्टरीण झाली." झाली कुठं? अजून एकदा नापास झाले असते तर त्यांच्या तोंडची डॉक्टरीण तोंडातच राहिली असती, आणि माझी आणखी सहा महिन्यांची खोटी झाली असती. हे सगळं डोक्यावर घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सरकारी हॉस्पिटलच्या बालरोग वॉर्डात शिरले. चिठ्ठी उचलली आणि माझ्या वाट्याला सात नंबरच आला! मला नाचावंसं वाटलं.

बेडवर तीन वर्षांचा पोरगा होता, शिवराज. शेजारी त्याची आई, मोनिका, माझ्यापेक्षा वयानं लहानच असेल. बिडकीनची. कागदावर नाव-गाव लिहिता लिहिता मी मनातल्या मनात निदानही लिहून टाकलं. आता फक्त त्या निदानाला शोभेल अशी तपासणी करायची होती. आम्ही परीक्षार्थी कितीदा तरी असंच करतो. आधी लग्न ठरवायचं, मग मुलगी बघायला जायचं.

स्टेथोस्कोप डाव्या बाजूला खाली ठेवला. आवाज होता. पण बारीक होता, जणू दुसऱ्या घरातनं येत होता. वर सरकवला, तसा वाढला. आणखी वर, छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला, दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीच्या मधे ठेवला तर चांगला खणखणीत! आणि लांबलचक मुळीच नव्हता. मधे चढायचा आणि उतरायचा, दम लागलेल्या माणसासारखा. हृदयाचा दुसरा ठोका तर एकटाच वाजत होता. त्याला जोडीदार असायला हवा तो ऐकूच येईना.

मला घाम फुटला. मी स्वतःला समजावलं, 'योगिनी, तुझा कान बावळट आहे. मागच्या वेळी याच कानानं घात केला.' पण कान काही ऐकेना.

शिवराज बेडवरून उतरला आणि समोरच्या बेडवरच्या पोराच्या मोटारीमागं पळाला. आबा सांगतात, मेंढराला हात लावायच्या आधी लांबून बघावं, जवळ गेलं की ते वेगळं वागतं. मी लांबून बघितलं. पोरगा जेमतेम दोन बेड ओलांडून गेला आणि मधेच उकिडवा बसला, गुडघे छातीशी घेऊन. मोटार पुढं निघून गेली तरी हा बसलेलाच.

"ताई, हा असा बसतो का नेहमी?"

"बसतो की. आमच्याकडं समदेच उकिडवे बसत्यात," मोनिका हसून म्हणाली.

खरंच होतं. आमच्या गावात तर पंचायतही उकिडवी बसते. तो प्रश्नच चुकीचा होता.

"तसं नाय विचारत. पळता पळता मधेच बसतो का?"

"व्हय व्हय! चार पावलं पळाला की बसतो. जरा दम खातो अन् परत पळतो. त्याची आजी म्हणती, लई आळशी हाय."

माझ्या अंगावर काटा आला. आळशी नाही, माउली. तो त्याची त्याची दवा घेतोय. उकिडवं बसलं की पायांकडं जाणाऱ्या रक्ताला अडसर होतो, मग हृदयातलं रक्त फुफ्फुसाकडं वळतं. पण जिथं सगळेच उकिडवे बसतात तिथं हे कुणाच्या डोळ्यांत भरणार?

मी जवळजवळ धावतच एक्स-रेच्या पेटीकडं गेले. हृदय मोठं नव्हतं. डाव्या बाजूचं टोक वर उचललेलं, त्याच्यावर जिथं फुगवटा हवा तिथं खळगा. बूट! आणि फुफ्फुसं भरलेली कुठली, काळीभोर, रक्त कमी असलेली. छेद असता तर याच्या अगदी उलट दिसलं असतं. फॅलोचा चौपदरी दोष. भोक असतंच, पण त्याच्या जोडीला फुफ्फुसाकडं जाणारी वाट अरुंद. निळ्या बाळांच्या यादीतलं पहिलं नाव.

पण बाळ निळं नव्हतं! ओठ फिकट, जीभ फिकट. निळेपणाचा पत्ता नाही. कान म्हणतो चौपदरी, बूट म्हणतो चौपदरी, डोळे म्हणतात नाही, आणि आकाश म्हणतो छेद. मी खालची पापणी ओढून बघितली, कागदासारखी पांढरी. फाइलीत हिमोग्लोबिन बघितलं, साडेसहा. आणि मग एकदम सगळं जुळलं! मला वॉर्डात ओरडावंसं वाटलं. निळं दिसायलाही रक्तात पुरेसं हिमोग्लोबिन लागतं. रंगच नाही तर भिंत निळी कशी होणार?

तेवढ्यात परीक्षक आल्या. बाहेरगावच्या शेळके मॅडम, चष्मा नाकाच्या टोकावर. बरोबर आमचे सुदर्शन सर.

"काय निदान?"

इथंच सगळं होतं. छेद म्हटलं असतं तर आकाश खरा, आणि चुकले असते तर मी एकटी नाही, तोही चुकला असता. चौपदरी म्हटलं तर चूक माझी एकटीची.

"फॅलोचा चौपदरी दोष, मॅडम."

सुदर्शन सरांच्या भुवया वर गेल्या. चांगल्यासाठी की वाइटासाठी, ते काही कळलं नाही.

"ओठ निळे दिसतात तुला?" मॅडमनी विचारलं.

"नाही. दिसणारही नाहीत. हिमोग्लोबिन साडेसहा आहे."

"बरं. चौपदरी दोषात भोक असतं ना? मग हा आवाज भोकाचाच."

"नाही मॅडम. भोक मोठं असतं, दोन्ही बाजूंचा दाब सारखा, त्यामुळं ते मुकं असतं. आवाज अरुंद वाटेचा आहे. म्हणून तो वर ऐकू येतो, म्हणून दुसरा ठोका एकटा."

"शब्दांचा खेळ नको. पुरावा?"

"ऑक्सिमीटर लावू?"

"मी वाटच बघत होते, कोण मागतंय याची. लाव."

मी शिवराजच्या बोटाला चिमटा लावला. एक्क्याऐंशी! पंचाण्णवच्या वर हवा होता आकडा. मी मॅडमकडं बघितलं. शिवराजनं त्या चिमट्याकडं बघितलं आणि भोकाड पसरलं. साप चावल्यासारखा रडायला लागला. मोनिका त्याला गप्प करायला उठली. मी पटकन चिमटा काढला आणि स्टेथोस्कोप छातीवरच ठेवून दिला, रडण्यातही आवाज ऐकू येतो का बघायला.

आवाज ओसरत होता.

आधी खणखणीत होता तो आता कुजबुजल्यासारखा झाला. मग नाहीसाच. ठोके धडधडत होते आणि मधे काही नाही. शिवराजचा श्वास खोल आणि भराभर चालला. रडणं मंदावलं, मान सैल पडली. चेहरा निळा नाही, राखेसारखा करडा झाला.

"आवाज गेला!" मी म्हणाले.

मोनिकाचा चेहरा उजळला. "गेला? गावच्या डॉक्टरनी सांगितलं व्हतं, मोठा झाला की आवाज जाईल म्हणून!"

छोट्या भोकाचा आवाज जातो, आणि तेव्हा पेढे वाटायचे असतात. पण अरुंद वाटेचा आवाज गेला म्हणजे त्या वाटेनं रक्त जायचंच थांबत आलं. परीक्षा, मॅडम, आकाश, सगळं माझ्या डोक्यातून पुसलं गेलं. मी शिवराजला उचलून आईच्या मांडीवर दिलं, त्याचे दोन्ही गुडघे दुमडून छातीशी घट्ट दाबले.

"ताई, असंच धरा, सोडू नका. त्याच्याशी बोला. सिस्टर, ऑक्सिजन! झटका आलाय!"

सिस्टर धावल्या. सुदर्शन सरांनी मास्क नाकाजवळ धरला, मॅडमनी स्वतः सलाइन आणि मॉर्फिन तयार ठेवायला सांगितलं. मी एका हातानं गुडघे दाबून धरले होते आणि दुसऱ्या हातानं स्टेथोस्कोप. मोनिका त्याच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटत होती. मी ऐकत होते. ठोके. नुसते ठोके. ये रे बाबा, ये. आयुष्यात मी कुणाची एवढी वाट बघितली नव्हती.

आणि मग लांबून, दुसऱ्या घरातनं आल्यासारखा, तो आला. बारीक. मग थोडा मोठा. मग पुन्हा चढायला-उतरायला लागला. शिवराजच्या ओठांवर त्याचा तो नेहमीचा फिकट रंग परतला आणि त्यानं माझ्याकडं बघून पुन्हा भोकाड पसरायची तयारी केली. मी लगेच मागं सरकले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते बाहीनं पुसलं.

"अगं, आकाश सगळ्यांना सांगत फिरतोय तो छेदवाला पोरगा काल सकाळीच घरी गेला," मागून सिस्टर हळूच म्हणाल्या. "हे लेकरू काल दुपारनंतर आलं त्या बेडवर." म्हणजे आकाशनं बेडचा नंबर फोडला होता, पोराचा नाही.

मोनिका अजून घाबरलेलीच होती. "आवाज जायला पायजे व्हता ना, ताई? मग परत आला तर तुम्ही एवढ्या खूश कशापायी?"

मी स्टेथोस्कोपच्या दोन्ही नळ्या तिच्या कानांत घातल्या आणि चकती शिवराजच्या छातीवर ठेवली.

"ऐका. हा आवाज आहे तोवर फुफ्फुसात रक्त जातंय. त्याचं ऑपरेशन होईस्तोवर हाच आपला राखणदार. गप्प झाला की गुडघे छातीशी, अन् तडक हॉस्पिटल."

ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "हाय. हाय की. चांगला मोठा हाय."

शेळके मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "गेल्या वेळी तुला कुणी नापास केलं?"

मी खाली मान घालून म्हणाले, "माझ्या कानानं, मॅडम."

"कान बरा झालाय," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बेडकडं वळल्या. दोन पावलं गेल्यावर थांबल्या. "आणि हे बघ, या वॉर्डात मला परीक्षार्थी म्हणून पुन्हा दिसू नकोस. इथं डॉक्टर कमी पडतात."

सुदर्शन सर हसले. मी वॉर्डाबाहेर पळाले आणि आबांना फोन लावला. पलीकडं मेंढरांचा गलका होता.

"आबा, आता सांगा बाजारात."

"काय सांगू?"

"तुम्ही सांगत होता तेच. आता ते खरं हाय."