नोटचा चौथा मुद्दा

पेपराच्या दिवशी सकाळी साडेसात वाजता नलिनीबाईंना कळलं की चोर आपणच आहोत.

पांढुर्ण्याच्या कॉलेजात बावीस वर्षं केमिस्ट्री शिकवलेली बाई. आपल्या अकलेचा त्यांना जरा जास्तच भरवसा होता, आणि भरवसा जास्त झाला की माणूस मागं वळून बघत नाही. चहाचा कप बाजूला ठेवून त्या सराव परीक्षेच्या वह्यांचा गठ्ठा आवरत होत्या. त्यात जयवंता या पोरीची वही वर आली. तिसऱ्या प्रश्नावर लाल भोपळा, खाली बाईंच्याच हातानं लिहिलेलं, ‘कॉपी’. आणि त्या भोपळ्याच्या खाली पेन्सिलीनं, बारीक, भिऊन लिहिल्यासारखं: ‘नोटचा मुद्दा ४ प्रमाणे.’

वह्या तपासल्या त्या दिवशी रागाच्या भरात बाईंनी ते वाचलंच नव्हतं.

प्रश्न अनोळखी होता. एक लांबट रेणू, एका टोकाला अल्कोहोल, दुसऱ्या टोकाला अल्डिहाइड, आणि वरून आम्ल. रेणू आपलंच शेपूट धरून गोल होतो, ते दाखवायचं. चौदापैकी अकरा जणांनी एकच चुकीचं चित्र काढलं होतं: एक ऑक्सिजन दुसऱ्या ऑक्सिजनच्या गळ्यात पडलेला. अकरा पोरं एकाच खड्ड्यात कशी पडतील? वही सगळ्यांत आधी दिली होती जयवंतानं. बाईंनी तिला भर वर्गात उभं केलं. “तू लिहिलंस, बाकीच्यांनी उतरवलं. याच पेपरात मागच्या वर्षी नापास झालीस, या वर्षी अख्खा वर्ग घेऊन बुडतेस?” पोरगी त्यानंतर आठ दिवस वर्गातच आली नाही.

बाईंनी कपाटातून वर्गाला लिहून दिलेली स्वतःची नोट काढली. ‘अनोळखी रिॲक्शन दिसली की घाबरू नका, पाठ केलेलं आठवत बसू नका. १) आधी न्यूक्लिओफाइल शोधा: द्यायला इलेक्ट्रॉन कोणाकडे आहेत? मोकळी जोडी, दुहेरी बंध, ऋण चिन्ह बघा. २) मग इलेक्ट्रोफाइल शोधा: इलेक्ट्रॉन कोणाला कमी पडतात? ३) बाण देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे काढा, उलटा नाही.’ इथपर्यंत सोन्यासारखी नोट. आणि मग, पोरांना सोपं जावं म्हणून, एका ओळीत: ‘४) जिथे अधिक चिन्ह, तिथेच बाण.’

बाईंनी पेन्सिल घेऊन इलेक्ट्रॉन मोजले.

आम्लातला प्रोटॉन अल्डिहाइडच्या ऑक्सिजनला चिकटला की अधिक चिन्ह ऑक्सिजनवर लिहितात, हे खरं. पण ऑक्सिजनच्या पंगतीत आठही पानं भरलेली, नवव्याला बसायला जागा कुठली? तो शेजारच्या कार्बनचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. पाटी ऑक्सिजनच्या गळ्यात, भूक कार्बनच्या पोटात. बाण जायचा कार्बनवर. पोरांनी कॉपी केलीच नव्हती. त्यांनी बाईंचं ऐकलं होतं.

पेपर अकरा वाजता, सेंटर सौसरला. बाईंनी जयवंताच्या मोहगावच्या घरी फोन लावला.

“हॅलो?” तिची माय बोलली.

“मी नलिनी मॅडम. जयवंताला द्या लवकर.”

“ते गेली भावाच्या गाडीवर. फोन घरीच ठेवला. काऊन, आता काय राह्यलं?” मायचा बांध फुटला. “आठ रोज पोरगी जेवली नाही बाई. कॉपीवाली म्हनलं न तुमी तिले? तिच्या बापानं सांगतलं, हा पेपर गेला त कॉलेज बंद. आमच्या घरात चोर नाही निपजत.”

बाईंच्या तोंडून ‘चूक माझी होती’ निघायला हवं होतं. निघालं, “मी बघते.” आणि फोन ठेवला. जीभ अशीच असते. लागट बोलायला घोड्यावर, माफी मागायला लंगडी.

पायात चप्पल सरकवून बाई बसस्टँडवर धावल्या. साडेआठच्या सौसर बसमध्ये वर्गातले नऊ जण भेटले. बसायला जागा नव्हतीच. बाईंनी पर्समधला खडू काढला आणि पुढच्या सीटच्या पत्र्यावर चित्र काढायला सुरुवात केली.

“अवो बाई, गाडी हाय का फळा?” कंडक्टर ओरडला.

“तिकीट काढलंय ना? मग गप राहा. हर्षल, बघ इकडं. या ऑक्सिजनभोवती किती इलेक्ट्रॉन?”

हर्षलनं मोजले. “आठ, मॅडम. अरे बापा! भरलाच आहे हा. मग आपण याच्यावर बाण काऊन मारून राहिलो होतो?”

“मी सांगितलं म्हणून.”

डिंपल हळूच म्हणाली, “मॅडम, हातावर लिहून घेऊ?”

“हातावर लिहिशील तर खरंच पकडतील! डोक्यात लिही. चौथा मुद्दा खोडा. अधिक चिन्ह दिसलं तर आधी मोजा, तिथं जागा आहे का. नसेल तर शेजारी बघा.”

गाडी रस्त्यात दोनदा बंद पडली. प्रत्येक वेळी बाईंनी घड्याळ बघितलं. सौसरला पोचेपर्यंत अकराला दहा कमी. जयवंता आत जाऊन बसली होती. गेटवरच्या माणसानं हात आडवा केला, “विषयाच्या मास्तरांले आत मनाई हाय.” बाईंनी हातही जोडले, पण तो हलला नाही, आणि बरोबरच होतं त्याचं.

“डिंपल, तिला एवढंच सांग, चौथा मुद्दा चूक आहे.”

“सांगते मॅडम,” म्हणत डिंपल पळाली.

तीन तास बाई समोरच्या चहाच्या टपरीवर बसल्या. चहा घेतला, प्यायल्या नाहीत. जन्मभर पोरांना सांगितलं, घाबरू नका, आधी शोधा कोण देतो आणि कोण घेतो. आता स्वतःला दुसरं काही सुचत नव्हतं.

दोनला घंटा झाली. आधी डिंपल आली, मान खाली घालून. “माझी खोली वेगळी होती मॅडम. भेटलीच नाही ते.”

मग जयवंता. बाईंना बघून ती तिथंच थांबली.

“तसा प्रश्न आला होता?” बाईंनी विचारलं.

“आला. कीटोनवर मेथनॉल, आम्लात. पंधरा मार्काचा.”

“बाण कुठं काढलास?”

“आधी कार्बनवर काढला, मॅडम.” जयवंताचा आवाज कोरडा होता. “आठ दिवस तेच मोजून राहिली होती मी घरी. ऑक्सिजन भरलेला दिसे. कार्बनवरच जमत होतं सगळं.”

बाई हसल्या. “मग झालं तर!”

“मग शेवटच्या दहा मिनिटांत तुमची नोट आठवली. म्हटलं, मॅडमपेक्षा मले जास्त समजते का? खोडलं अन् ऑक्सिजनवर काढलं.”

गेटातून पोरं बाहेर पडत होती. मोटरसायकलवर टेकून जयवंताचा भाऊ नितीन उभा होता. बाईंना वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं. पंधरा मार्क, आणि ते पोरीच्या हातात आलेले असताना आपण हिसकावले.

“तुझं बरोबर होतं,” बाई म्हणाल्या. “चौथा मुद्दा चूक होता. मी चुकीचं लिहिलं.”

जयवंतानं मार्कांचं विचारलं नाही. तिनं विचारलं, “म्हणजे कॉपी नव्हती केली मी?”

“नव्हती.” बाईंनी आवाज चढवला, वर्गात चढवला होता तेवढाच. हर्षल थांबला, डिंपल थांबली, टपरीवाल्यानंही बघितलं. “जयवंतानं कॉपी केली नव्हती. कोणीच केली नव्हती. खोटं मी बोलले.”

जयवंताचे डोळे भरले, पण ती रडली नाही. पदरी पडलेलं एवढं थोडं तिला पुरणारं नव्हतं.

“इथं बोलून काय होते मॅडम?” ती म्हणाली. “इथलं बोलणं बाबा मानणार नाही. माझ्या घरी चला. मायसमोर बोला, बाबासमोर बोला.” तिनं नितीनला मोटरसायकल घेऊन पुढं व्हायला सांगितलं.

पांढुर्ण्याची बस समोरच लागली होती. बाईंनी बसकडं बघितलं, मग मोहगावकडं निघालेल्या ऑटोकडं. पर्समधून नोट काढली, टपरीच्या बाकड्यावर ठेवली, चौथ्या मुद्द्यावर आडवी रेघ मारली, खाली सही केली, तारीख टाकली, आणि तो कागद हातात धरून बाई पोरीच्या मागं ऑटोत चढल्या.