बलक आधी धरला

मढच्या रस्त्यावर धुकं एवढं दाट होतं, की फरहाला आपल्याच अंडा-भुर्जीच्या गाडीवरची पाटी दिसेना. तिने नुकताच स्टोव्ह पेटवला होता. पिंपळवंडीच्या टेम्पोवाल्या हौशीरामला हाफ फ्राय हवं होतं. तव्याचा चटका आधी पांढऱ्याला बसतो, ते धरतं, बलक वाहता राहतो. उकळीआधीच्या पाण्यात फोडून सोडलं तरी तसंच. मऊ भुर्जीला मात्र दोन्ही ढवळून, ओलसर असतानाच उतरवायचं.

तिने ट्रेमधलं अंडं फोडलं. दुधाळ पांढरं तव्यावर पसरलं आणि घट्ट झालेला बलक गोटीसारखा घरंगळला.

"ह्ये काय गं?" हौशीराम दचकला.

फरहा थिजली. असं व्हायला अंडं सालीसकट तासभर पाण्यात ठेवावं लागतं. पाणी हाताला सोसवणार नाही, पण बुडबुडाही फुटणार नाही, एवढंच गरम. तेवढ्यात बलक धरतो, पांढरं सैल राहतं. हा खटाटोप फक्त तिचे अब्बा करायचे. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

"कालचं असंल, दुसरं फोड," हौशीराम म्हणाला.

तिने ट्रेमधलं दुसरं अंडं उचललं. ते गरम होतं, आणि ओलं.