आठ मिलिमीटरचा घोटा

आमच्या शिलाई कारखान्यात सुरक्षा अधिकारी नावाचा एक प्राणी पाळलेला आहे. त्याच्या खिशात शिंप्याची टेप असते. कुणाचा पाय मुरगळला की तो दोन्ही घोट्यांना टेप लावतो. दुखरा पाय दुसऱ्यापेक्षा दोन सेंटिमीटर जाड भरला, तरच एक्स-रेची चिठ्ठी. नाहीतर "लचक आहे, कामाला लागा." हा नियम त्याने स्वतःच्याच डोक्यातून काढला, आणि मी इथली नर्स असूनही मला न विचारता लागू केला. विचारायला डोकं लागतं.

त्या दिवशी दुपारी दोन पाय आले.

पहिला पाय मॅनेजरच्या मेहुण्याचा. माल चढवायच्या ओट्यावरून फोनवर बोलत उडी मारली होती महाराजांनी. घोटा टम्म फुगलेला, पण लंगडत का होईना, स्वतः चालत आला. मी घोट्याची दोन्ही हाडं मागच्या कडेने टोकापर्यंत दाबली, पायाच्या मधलं आणि करंगळीच्या बाजूचं हाडही दाबलं. दुखलं नाही. हाडाच्या पुढे, मऊ भागावर बोट टेकलं मात्र, तो केकाटला.

"तीन सेंटिमीटर!" टेपवाला असा ओरडला की जणू मुलगा झाला. चिठ्ठी, गाडी, खुर्ची, सगळं हजर.

तेवढ्यात दोघी मैत्रिणींच्या खांद्यावर इस्त्रीवाली ताई आली. जिन्यात पाय वाकडा पडला होता आणि तेव्हापासून टेकवतच नव्हता. टेपवाल्याने मोजलं.

"आठ मिलिमीटर. चला ताई, इस्त्रीवर. नाटकं घरी करायची."

"साहेब, आई शपथ, पाय टेकवत नाही हो."

"सगळ्यांचंच असं असतं."

मी बाहेरच्या घोट्याची मागची कड दाबली. ताईने असा झटका दिला की माझा बँडेजचा ट्रे खाली. "चार पावलं टाका बघू," म्हटलं. पहिल्याच पावलाला तिने माझा दंड धरला.

"साहेब, हिचं हाड दाबून दुखतंय आणि चालता येत नाही. एक्स-रे लागणारच."

"सूज कुठंय?"

"तुम्ही मोजताय कशाशी? बारा वर्षं उभं राहून राहून दुपारपर्यंत हिचे दोन्ही पाय सुजतात. सुजलेल्याशी सुजलेला मोजला, तर फरक काय डोंबल दिसणार? आणि सुजेवरून हाड कळतं कुठे? सांधा बांधणारे आतले पट्टे फाटले तरी पाय भोपळ्यासारखा होतो आणि हाड शाबूत असतं. हाड तडकलं तरी कधीकधी सूज बेताचीच असते."

"म्हणजे आता सगळ्यांचेच एक्स-रे?"

"नाही. मेहुण्यांना गरज नाही."

"मला नाही?" मेहुणा खुर्चीतून अर्धा उठला. दुखरा पाय टेकवूनच. "अहो, एवढी सूज आहे!"

"भाऊ, सूज आहे, अक्कल नाही."

मी ताईच्या नावाने चिठ्ठी लिहून खाली सही ठोकली. टेपवाल्याच्या नियमात माझ्या सहीला काडीची किंमत नाही, पण ते ड्रायव्हरला कुणी सांगितलं नव्हतं. गाडीत तिला मागे बसवलं, पाय उशीवर ठेवला. मेहुणा पुढे बसून कण्हत होता.

दवाखान्यात दोघांचे समोरून, बाजूने आणि पाय जरा आत वळवून असे तीन-तीन एक्स-रे काढले. मेहुण्याचा डॉक्टरांनी नको म्हटला होता, पण मॅनेजरचा फोन आला. डॉक्टरांनी पडद्यावर दोन्ही लावले.

मेहुण्याची हाडं कोरी. "लचक. बर्फ लावा, पाय उंच ठेवा." तो हिरमुसला.

ताईच्या बाजूच्या एक्स-रेत बाहेरच्या हाडावर तिरकी रेघ होती, केसाएवढी.

"फ्रॅक्चर. जागेवरून हललेलं नाही, नशीब," डॉक्टर म्हणाले. "यावर दिवसभर उभ्या राहिला असतात, तर सरकायची भीती होती. मग ऑपरेशन. आता प्लास्टर घालू, सहा आठवडे आराम."

मी टेपवाल्याला फोन लावला. "मोडलंय."

तर हा म्हणतो, "सिस्टर, मग नियम आठ मिलिमीटरवर आणू का?"

मी फोन ठेवला. अशा माणसाला शिवी देणं म्हणजे शिवीचा अपमान.

ताई पडद्याकडे बघत होती. "डॉक्टर, नक्की मोडलंय ना?"

"हो, नक्की."

"तसं कागदावर लिहून देता? कामावर पडले, तेही?"

"देतो की."

तिने लांब श्वास सोडला. मग घरी फोन केला आणि लेकीला म्हणाली, "अगं, मोडलंय! खरंच मोडलंय!" मुलगी पहिली आल्यावर आई सांगते ना, त्या आवाजात.

डॉक्टरांनी चक्रावून माझ्याकडे पाहिलं. ते आमच्या कारखान्यात कधी आलेले नाहीत.