उडते वेफर

पंचफुलाने वाशीमहून पाठवलेले आलूचे वेफर अकोल्याला पोचले तेव्हा त्यांचा चुरा झालेला होता. हे सांगायला नानाजी स्वतः तिच्या घरच्या मळ्यावर आला. अकोल्यातल्या फराळाच्या मोठ्या दुकानाचा तो माणूस. दर बाजाराला रेल्वेने वाशीमला यायचा, भाजी पाहायचा, भाव पाडायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. वेफरांचं गाठोडं त्यानेच नेलं होतं.

"सेठनं चिमूट तोंडात टाकली," नानाजी म्हणाला. "मीठ बरोबर हाय म्हने. पन चुऱ्याले वेफर कसं म्हनाव?"

"गाठोड्यावर कोनी बसलं असंन," पंचफुलाचा नवरा चंपत म्हणाला.

"बसलं होतं."

"कोन?"

"मीच. डब्यात जागा नोती."

नानाजीने पुढ्यातला चहा संपवला आणि सेठचा निरोप सांगितला. वेफर अख्खे आणि कुरकुरीत आहेत असं दिसलं, तर सेठ पत्र्याचे डबे देऊन माणूस पाठवील आणि दर बाजाराला माल उचलील. पण आधी दिसलं पाहिजे.

ओट्यावर प्रयागबाई कांद्याची पात निवडत बसल्या होत्या. त्या चंपतच्या आई, आणि वेफर तळायची कढई त्यांची. माहेरून आणलेली, दोन माणसांनी उचलावी अशी. सून निंदण सोडून कढईपुढे बसते हे त्यांना पहिल्या दिवसापासून खपलेलं नव्हतं. त्यांनी पात खाली ठेवली.

"पाडव्याले कढई माळ्यावर चढन," त्या म्हणाल्या. "तवरोक तुमचा सेठ काय पाह्यचं ते पाहून घेवो."

पंचफुला तशी गप्पच असायची. पण आलूचा पातळ काप पाण्यात धुऊन, फडक्यावर कोरडा करून तेलात सोडला, की तो वळत वळत वर येतो, आणि बुडबुडे थांबले की आपला आपण सांगतो, झालं. घरात तिच्याशी असं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. कढई माळ्यावर गेली असती तर ती रडली नसती, निंदायला गेली असती. तेच तिला नको होतं.

"फोटो चालंन का?" चंपतने नानाजीला विचारलं.

"चालंन. पन फोटोत कुरकुरीत कसं दिसन?"

चंपतने त्यावर बराच विचार केला. तो विचार करायचा तेव्हा कानात काडी घालायचा. काडी बाहेर काढून तो म्हणाला, "उडताना दाखवू. नरम वस्तू उडत नाही."

नानाजीला हे पटलं. पंचफुलाला पटलं नाही, पण तिला दुसरं सुचलंही नाही.

चंपतने स्टेशनाजवळच्या हॉटेलातून चहाच्या पेटीतली चांदीची पन्नी मागून आणली. कागदावर खळीने चिकटवून तिचं पाकीट केलं, तोंड फाडून उघडं ठेवलं, आणि तिघंही शालिग्राम फोटोवाल्याकडे गेली. तिसऱ्या प्रयागबाई. कढईचा निकाल आपल्यासमोर लागावा एवढंच त्यांना पाहिजे होतं.

शालिग्रामच्या स्टुडिओत छपराला काच होती, काचेतून दिवसाचा उजेड पडायचा. तिपाईवर लाकडी कॅमेरा, त्याच्यावर काळं कापड. शालिग्राम भिंगावरची टोपी काढायचा, "एक… दोन" म्हणायचा आणि टोपी लावायचा. तेवढा वेळ समोरच्याने हलायचं नाही. लग्नातल्या जोड्या हलायच्या, लेकरं हलायची. मेलेल्या माणसाला बसवून शेवटचा फोटो काढायचे, ती माणसं तेवढी हलत नसत, म्हणून शालिग्राम त्यांची फार तारीफ करायचा.

"उडते वेफर?" तो म्हणाला. "मले उडता बगळा बी कोनी आजवर आनला नाही."

"रंगीत पाह्यजे," चंपत म्हणाला. "मांगं लालभडक. मिर्चीसारखं."

"लाल पडदा लावला त फोटोत काळा येईन. फोटोची ही काच लाल रंगाले आंधळी हाय. पांढरी चादर लावू. रंग मंग कापसाच्या बोळ्यानं मी भरतो."

स्टुलावर पाकीट उभं राहिलं. वेफर भरले तर ते वाकायचं, म्हणून आत कापूस ठासला आणि तोंडाशी तेवढे वेफर ठेवले. शालिग्रामने टोपी काढली. चंपतने ओंजळभर वेफर हवेत उडवले. एक… दोन. वेफर खाली पडले, शालिग्रामने टोपी लावली, आणि प्रयागबाईंनी जमिनीवरचे वेचून तोंडात टाकले.

दुसऱ्या दिवशी काच धुऊन फोटो पाहिला. पाकीट होतं. त्याच्यावर धूर होता.

"पाकिटाले आग लागली," प्रयागबाई म्हणाल्या.

"वेफर थांबले नाही, माय," शालिग्राम म्हणाला. "दोन म्हनेपर्यंत हवेत थांबाले पाह्यजे."

"मंग टांगा," पंचफुला म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, कारण ती बोलली होती.

वेफर टांगायचा तर त्याला भोक पाहिजे. चंपतने सुई टोचली, वेफराचे चार तुकडे झाले. दुसऱ्याला टोचली, त्याचेही झाले. पंचफुलाने त्याच्या हातातून सुई घेतली आणि घरी गेली. कच्च्या कापाला काठापासून जरा आत गोधडीच्या सुईने भोक पाडलं, मग तळलं. तळताना काप आक्रसला, वळला, पण भोक राहिलं. एवढंच होतं ते. चंपत म्हणाला, "हे मले बी सुचलं असतं." पंचफुला म्हणाली, "हो."

आता दोरा. काळ्या दोऱ्याने टांगले तर कॅमेऱ्यातून पाहताना कोळ्याने जाळं विणल्यासारखं दिसलं. पांढरा दोराही जाड. शालिग्रामने डोकं खाजवलं. चादर पांढरी, दोरा चादरीत विरून जाईल एवढा बारीक पाहिजे आणि पांढरा पाहिजे. असा दोरा वाशीमच्या बाजारात नव्हता.

प्रयागबाई तोपर्यंत भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"केस चालन का?" त्यांनी विचारलं.

विंचरताना निघालेलं गुंतवळ बायका भिंतीतल्या कोनाड्यात जपून ठेवतात. केसवाली येते, केस घेते, बदल्यात सुया-पोत देते. प्रयागबाईंचे केस पिकले तशी केसवालीने त्यांच्या कोनाड्यात हात घालणं सोडलं. "पांढरे नाही घेत, बाई," म्हणाली. प्रयागबाई तरी ठेवतच गेल्या. टाकून काहून द्यायचे? सवय होती.

त्या उठून घरी गेल्या आणि कापडात बांधलेलं गुंतवळ घेऊन आल्या. शालिग्रामने एक केस सोडवून उजेडात धरला. मग चादरीसमोर धरला. केस दिसेना.

"असेच पाह्यजेत," तो म्हणाला. "काळे नकोच."

प्रयागबाईंनी पदर सावरला. "अजून हायेत," त्या म्हणाल्या.

वेफर रात्रीत नरम पडतात, म्हणून पंचफुला सकाळी ताजे तळून डब्यात घेऊन आली. वरच्या बांबूला केस खळीने चिकटवले, खाली वेफर बांधले. कोणी उंच, कोणी खाली, कोणी पाकिटाच्या तोंडातून नुकता निघालेला. दार बंद केलं, तरी वेफर हलत होते. "दम धरा," शालिग्राम म्हणाला. सगळ्यांनी श्वास रोखला. वेफर थांबले.

एक… दोन.

दुसऱ्या दिवशी फोटोत वेफर सुरेख हवेत थांबलेले होते. कडा दिसत होत्या, बुडबुड्यांचे डाग दिसत होते. केस कुठेच नव्हते. पाकीट मात्र काळं ठिक्कर होतं. तव्यातून वेफर निघाल्यासारखे दिसत होते.

शालिग्रामने फोटो पाहिला, मग स्टुलावरचं पाकीट पाहिलं. पन्नीवर एक सुरकुती नव्हती. तिच्यात काळं कापड, कॅमेरा आणि त्याचं स्वतःचं तोंड दिसत होतं.

"हिले इस्त्री कोनं केली?"

प्रयागबाई म्हणाल्या, "मी. तांब्यात निखारे घालून. अकोल्याचा सेठ पाह्यन. चुरगळलेलं पाकीट पाहून काय म्हनन, की यायच्या घरात कोनाले रीत नाही?"

पंचफुला सासूकडे पाहत राहिली. कढई माळ्यावर चढवणारी बाई पाकिटाला इस्त्री करत बसली होती, हे तिला जुळवता येईना.

"माय, सपाट पन्नी म्हंजे आरसा," शालिग्राम म्हणाला. "समोर काळं असंन त काळं दाखोते. चुरगळली की कुठली ना कुठली घडी छपराकडं पाहते, तिथं उजेड बसते. सुरकुत्याच चमकतात."

"सुरकुत्या चमकतात?"

"हो."

प्रयागबाईंनी स्टुलावरून पाकीट उचललं, कापूस काढला, दोन्ही मुठींत धरून पाकीट चांगलं चुरगळलं, उलगडलं, परत चुरगळलं. मग पुढे केलं. "पाहा, पुरे का अजून?"

पुरे होतं. पंचफुलाने पुन्हा ताजे वेफर तळले, पुन्हा बांधले. शालिग्रामने प्रयागबाईंना काळ्या कापडात डोकं घालून काचेवर पाहू दिलं. कॅमेऱ्यात सगळं उलटं दिसतं. प्रयागबाई आतूनच ओरडल्या, "अवं, पाकीट उलटं झालं! सारं सांडून राह्यलं!" त्या धावल्या त्या वाऱ्याने वेफर हलले, आणि ते थांबेपर्यंत सगळ्यांना बसून राहावं लागलं.

या वेळी पाकीट चमकलं. घडीघडीवर उजेडाचे काठ होते. शालिग्रामने मागची जागा बोळ्याने लाल केली, वेफर हळदीसारखे पिवळे, पन्नीच्या सावलीत जरा निळं. चंपतने फोटो दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "आवाज येते," तो म्हणाला.

नानाजी फोटो घेऊन गेला. या वेळी त्याला उभं राहूनच जायला सांगितलं होतं.

पाडव्याच्या आदल्या बाजाराला तो आला तो डबे घेऊन. फोटो दुकानात लावला होता. लोक थांबून पाहत होते. सेठने माल मागितला होता, फक्त एक अट होती.

"भोकाचेच पाह्यजेत," नानाजी म्हणाला. "फोटोत हरएक वेफराले भोक हाय. गिऱ्हाईक म्हनते, भोक असंन त असली. बिनभोकाचे दुसऱ्याचे समजतो म्हने सेठ."

चंपत हसू लागला. पंचफुलाने सासूकडे पाहिलं. पाडवा उद्यावर होता.

"एवढ्या कापायले भोकं कोन पाडन?" प्रयागबाई म्हणाल्या. "तुले तळनं हाय." आणि त्यांनी कोनाड्यातून गोधडीची सुई काढली, डोळे बारीक केले, काठापासून जरा आत टोचली. पाडव्याला कढई चुलीवरच होती. तिच्यात पुऱ्या झाल्या, मग वेफर.

चैत्र सरता सरता केसवाली आली. शहरात कोणीतरी पांढरे केसही घेऊ लागलं आहे, म्हणाली, आणि कोनाड्याकडे हात नेला.

प्रयागबाईंनी तिचा हात धरला.

"ते नाही," त्या म्हणाल्या. "ते कामाचे हायेत."